रिसेप्शनच्या बुफेत प्रथिनांचे ताट

कोल्हापुरात लग्नसराई सुरू झाली की एका आठवड्यात दोन-तीन आमंत्रणे येतात आणि त्यांतील बहुतेक टाळता येत नाहीत. माझे वजन ६४ किलो आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी असतात, म्हणजे माझ्या हिशेबाने साधारण ५३ ग्रॅम. मी वजन कमी करत असल्यामुळे आणि त्याबरोबर ताकदीचे व्यायामही करत असल्यामुळे, चरबी उतरताना स्नायू झिजू नयेत म्हणून, माझ्या आहारतज्ज्ञ बाईंनी हा आकडा ७५ वर नेला आणि दिवसाच्या कॅलरी १७०० च्या आत ठेवायला सांगितल्या. घरच्या स्वयंपाकात हे जमते. प्रश्न येतो तो लॉनवर मांडलेल्या लांबलचक बुफेसमोर, विशेषतः तो शाकाहारी असतो तेव्हा. नणंदेच्या मुलाच्या रिसेप्शनला मी जे ताट वाढून घेतले त्याचा हिशेब येथे सविस्तर मांडते.

रिसेप्शन संध्याकाळी होते, त्यामुळे दिवसाचा पूर्वार्ध माझ्या हातात होता. सकाळी दोन अंडी आणि भाकरी, दुपारी मुगाची उसळ, भाकरी व वाटीभर दही आणि पाचच्या सुमारास मूठभर फुटाणे व ताक, असे मिळून ४० ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि सुमारे ८०० कॅलरी झाल्या. रात्रीसाठी ३५ ग्रॅम प्रथिने आणि ९०० कॅलरी उरल्या. पाचचे फुटाणे मी मुद्दाम ठेवले होते. रिसेप्शनचे जेवण पत्रिकेवर साडेसातला असले तरी नवरा-नवरी स्टेजवर येऊन फोटो सुरू होईपर्यंत पहिला घास नऊला पोटात जातो, आणि दुपारपासून रिकाम्या पोटी आलेला माणूस पहिल्या टेबलावरची भजी आणि मंचुरियन यांवरच निम्मा कोटा संपवून बसतो. अनेक जण ‘रात्री जेवायचे आहे’ म्हणून दुपारचे जेवण टाळतात. माझ्या मते बुफेच्या दिवशी नेमके तेच करू नये.

ताट हातात घेण्याआधी मी बुफेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नुसती चालत गेले. मेन्यू आपल्याकडच्या रिसेप्शनला असतो तसाच भरगच्च होता: स्टार्टरमध्ये पनीर टिक्का, व्हेज मंचुरियन आणि कांदा भजी, मुख्य जेवणात पनीर बटर मसाला, काजू मसाला, व्हेज कोल्हापुरी, अख्खा मसूर, डाळ फ्राय, मसालेभात, पुरी आणि तंदूर रोटी, शिवाय काकडीची दह्यातली कोशिंबीर, मठ्ठा, जिलेबी, बासुंदी आणि कोपऱ्यात दूध कोल्ड्रिंकचा स्टॉल. एवढ्या पदार्थांत प्रत्येकाची कॅलरी आठवत बसणे कोणालाच शक्य नाही. मी एकच मोजमाप डोक्यात ठेवते: या पदार्थातून शंभर कॅलरी पोटात गेल्या तर त्यांच्यासोबत प्रथिने किती ग्रॅम येतील? पाचच्या आसपास असतील तर शाकाहारी लग्नात तो पदार्थ उत्तम, तीन-चार असतील तर चालेल, आणि दोनच्या खाली असेल तर तो चवीसाठी घ्यायचा, पोट भरण्यासाठी नाही.

या मोजमापाने पाहिले की बुफेचे चित्र बदलते. काजू मसाल्याचेच उदाहरण घ्या. काजूत प्रथिने भरपूर असतात असे आपण ऐकलेले असते आणि ते खोटेही नाही. शंभर ग्रॅम काजूत १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, म्हणजे जवळजवळ पनीरइतकीच. परंतु त्या शंभर ग्रॅमबरोबर सहाशेच्या जवळपास कॅलरीही येतात, कारण काजूचा निम्म्याच्या जवळ जाणारा भाग चरबीचा असतो, आणि चरबीचा प्रत्येक ग्रॅम नऊ कॅलरी देतो तर प्रथिनांचा चारच. त्यात रस्साही वाटलेल्या काजूचा आणि तेलाचा, म्हणून ताटात पडेपर्यंत शंभर कॅलरींमागे दोन ग्रॅम प्रथिने राहिली तरी पुष्कळ. पुरीचेही तेच, एका मध्यम पुरीच्या ८०-९० कॅलरी धरल्या तर त्यांत प्रथिने दीड ग्रॅमच्या आसपास. जिलेबीत तर ती जवळजवळ नसतातच. आणि व्हेज कोल्हापुरी, जिच्यावर आपल्या गावाचे नाव आहे, तिच्यात फ्लॉवर, गाजर, फरसबी आणि तर्री असते. प्रथिनांसाठी तिच्याकडे जाण्याचे कारण नाही.

पनीरचे दोन पदार्थ समोर असताना कोणता घ्यावा, हे थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिने आणि अडीचशे ते तीनशे कॅलरी असतात. पनीर बटर मसाल्याचा एक डाव वाढून घेतला तर त्यात सुपारीएवढे तीन-चार तुकडेच येतात, म्हणजे ३५-४० ग्रॅम पनीर; बाकीचा डाव लोणी, क्रीम आणि काजूच्या वाटणाचा. प्रथिने सातच्या आसपास मिळतात आणि कॅलरी अडीचशेच्या पुढे जातात. झाऱ्याने फक्त तुकडे उचलले तर हिशेब सुधारतो हे खरे, पण मागे वीस माणसांची रांग उभी असताना भांड्यातले पनीर वेचत राहणे शोभत नाही, आणि मागच्यांच्या वाट्याला नुसता रस्सा ठेवणे तर त्याहून नाही. पनीर टिक्का मात्र दह्याच्या मसाल्यात मुरवून निखाऱ्यावर भाजलेला असतो. त्याला वरून ब्रशने लोणी लावतात, तेवढे न लावण्याची विनंती स्टॉलवरच्या माणसाने हसून मान्य केली. मी चार तुकडे घेतले. एकेक तुकडा साधारण २० ग्रॅमचा होता. हा अंदाज घरी पनीरचे तुकडे वजनकाट्यावर ठेवून पाहिल्यामुळे डोळ्यांना बसला आहे. चार तुकड्यांतून १५ ग्रॅम प्रथिने आणि २३०-२४० कॅलरी, म्हणजे रात्रीच्या गरजेचा जवळपास निम्मा भाग स्टार्टरच्या टेबलावरच भागला. बरोबर मिळणारी ढोबळी मिरची आणि कांदा मी सोडत नाही. त्याने ताट भरलेले दिसते आणि चावायलाही काही मिळते.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. बाजारात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरून केलेले, पनीरसारखे दिसणारे ॲनालॉगही मिळते आणि काहींत स्टार्च असतो. असे असेल तर प्रथिने माझ्या अंदाजापेक्षा कमी भरतील. मसाल्यात भाजलेल्या तुकड्यावरून हे ओळखण्याचा खात्रीचा मार्ग जेवणाऱ्याकडे नाही. म्हणून मी सगळा भार पनीरवर टाकत नाही.

दुसरा आधार अख्ख्या मसुराचा. कोल्हापूर, सांगली, कराड या पट्ट्यातील ढाब्यांवर रोटीबरोबर मिळणारा हा पदार्थ लग्नाच्या मेन्यूत आता बरेचदा दिसतो आणि माझ्या दृष्टीने शाकाहारी बुफेतील ती सर्वांत प्रामाणिक भाजी आहे, कारण तिच्यात जे दिसते तेच असते. शिजलेल्या साध्या मसुराच्या शंभर ग्रॅममध्ये नऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. लग्नातला मसूर कांदा-टोमॅटोच्या वाटणात आणि भरपूर तेलात असतो, म्हणून वाटीभराची प्रथिने तेवढीच, नऊच्या घरात, धरायची आणि कॅलरी दोनशे. मात्र हे आकडे डाव भांड्यात कोठून भरला यावर अवलंबून असतात. खाली आच असलेल्या भांड्यात मसूर तळाशी बसतो आणि तेल वर तरंगते. वरवरचा डाव घेतला तर लालभडक तर्री जास्त आणि दाणे कमी येतात. मी डाव तळापर्यंत नेते, दाणे घेऊन वर आणते आणि भांड्याच्या काठाला क्षणभर टेकवून तिरका धरते. वरचे तेल ओघळून परत भांड्यात जाते. एक चमचा तेल कमी आले तरी ४०-४५ कॅलरी वाचतात आणि चवीत काही फरक पडत नाही, कारण मसाला दाण्यांना लागलेला असतोच.

डाळ फ्रायच्या भांड्यात हीच गोष्ट उलट दिसते. जेवणाऱ्यांची गर्दी वाढली की डाळ पुरवायला त्यात गरम पाणी वाढवले जाते आणि शेवटी शेवटी येणाऱ्यांना पिवळे पाणी व फोडणी एवढेच मिळते. डावातून पातळ धार पडत असेल तर ती वाटीभर डाळ तीन-चार ग्रॅमच्या पुढे जात नाही असे मी धरते. त्या रात्री धार अगदी पातळ होती, म्हणून मी तिच्या वाटेला गेले नाही.

एवढे झाल्यावर ताटातले बाकीचे ठरवणे सोपे होते. लोणी न लावलेली एक तंदूर रोटी घेतली. तिच्यात चार-साडेचार ग्रॅम प्रथिने आणि १४० कॅलरी. दह्यातल्या कोशिंबिरीची मोठी वाटी घेतली, अडीच ग्रॅम आणि ६० कॅलरींची. मठ्ठ्याचा एक ग्लास, दोन ग्रॅम आणि ४० कॅलरींचा. पण मठ्ठ्याचा खरा उपयोग वेगळाच आहे, आणि तो पुढे सांगते.

मसालेभात मी सोडला नाही. तोंडली घातलेला, वर ओले खोबरे आणि कोथिंबीर असलेला लग्नातला मसालेभात घरी कितीही केला तरी तसा होत नाही, कारण घरच्या कुकरात मोठ्या पातेल्याची वाफ आणि दम येत नाही. अर्धा डाव, म्हणजे चार-पाच घास, ११० कॅलरी. प्रथिने दीड ग्रॅम, म्हणजे माझ्या मोजमापात तो नापास होतो, आणि म्हणूनच मी तो पोट भरायला नव्हे, चवीला घेतला. काय सोडायचे याचा माझा निकष हाच आहे: जे एरवी कोठेही मिळते ते सोडायचे. मंचुरियन रंकाळ्यावर कोणत्याही संध्याकाळी गाडीवर मिळते, कांदा भजी घरी पावसात होतातच. त्यांच्यासाठी रिसेप्शनची जागा अडवण्यात अर्थ नाही. ही निवड मनासारखी असली की वंचित राहिल्याची भावना येत नाही, आणि ती आली नाही की घरी गेल्यावर बाराच्या सुमारास फ्रीज उघडला जात नाही.

गोडातही हेच केले. दूध कोल्ड्रिंकचा ग्लास, त्यातला आइस्क्रीमचा गोळा आणि सुकामेवा यांचा मोह कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही, परंतु तो ग्लास अडीचशे कॅलरींच्या आसपास जातो आणि जेवणानंतर पाच मिनिटांत पिऊन होतो. जिलेबी आणि बासुंदी यांत मी बासुंदी निवडली. ती आटवलेल्या दुधाची असल्यामुळे तिच्यात थोडीफार प्रथिने असतात. नृसिंहवाडीच्या बासुंदीवर वाढलेल्या माणसाला तिची चव जिलेबीहून जवळची वाटते हेही एक कारण आहेच. अर्धी वाटी घेतली, साडेतीन ग्रॅम आणि १२० कॅलरी. बासुंदी हा प्रथिनांचा पदार्थ आहे असे समजून दोन वाट्या घेणे मात्र चुकीचे ठरेल, कारण तिच्यातली साखर आणि साय दोन्ही मोजावी लागतात.

सगळ्याची बेरीज ३८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि ९०० कॅलरी. दुसऱ्या दिवशी कुतूहल म्हणून मी शेजारी बसलेल्या जाऊबाईंच्या ताटाचाही अंदाज काढला, त्यांना न सांगता. चार पुऱ्या, पनीर बटर मसाल्याचा भरलेला डाव, मसालेभाताची मूद दोनदा, तीन भजी, दोन जिलेब्या आणि दूध कोल्ड्रिंक. कॅलरी सतराशेच्या घरात गेल्या, म्हणजे माझ्या पूर्ण दिवसाइतक्या. आणि प्रथिने? तीसच्या आसपास. म्हणजे प्रथिने दोघींच्या ताटात फार वेगळी नव्हती. तेवढ्यासाठी जाऊबाईंना जवळजवळ दुप्पट कॅलरी मोजाव्या लागल्या होत्या. या आकड्यांत दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होणारच, कारण आचाऱ्याने पातेल्यात किती तेल ओतले हे जेवणाऱ्याला कधीच कळत नाही. दोन ताटांतला फरक मात्र त्याहून बराच मोठा आहे.

आता आग्रहाविषयी. बुफेत वाढपी नसतो म्हणून आग्रह नसतो असे नाही. यजमान टेबलाटेबलावरून फिरतात आणि कोल्हापुरात ‘पोट भरले’ हे उत्तर म्हणून स्वीकारले जात नाही. नणंदबाई जिलेबीचे ताट घेऊन आल्याच. ‘‘वहिनी, हे काय ओ? पोराच्या लग्नात जिलेबी नाही ताटात?’’ असे त्यांनी विचारले. नाही म्हटले असते तर मुलाच्या लग्नाला नाही म्हटल्यासारखे झाले असते. ‘‘बासुंदी दुसऱ्यांदा घ्यायला निघाले होते, बसा, तुमच्या हातचा एक घास घेते,’’ असे म्हणून मी त्यांच्या हातून जिलेबीचा एक तुकडा खाल्ला. साधारण ५० कॅलरी. त्यांचे समाधान झाले, माझेही झाले. आग्रह करणाऱ्याला हवा असतो तो त्याच्या हातचा घास. ताटात किती पडले याचे त्याला विशेष नसते. मठ्ठ्याचा ग्लास याच कामासाठी मी जेवण संपल्यानंतरही हातात ठेवते. ज्याच्या हातात अर्धा भरलेला ग्लास आहे तो अजून जेवतो आहे असे सर्वजण समजतात आणि पुढचे ताट दुसरीकडे वळते.

प्रत्येक मेन्यूत अख्खा मसूर असतो असे नाही. त्याच हंगामात एका रिसेप्शनला तो नव्हता, डाळही पातळ होती. परंतु मिसळीचा स्टॉल होता. मिसळ म्हटले की कट आणि फरसाण डोळ्यांपुढे येते, पण तिचा पाया मोड आलेल्या मटकीचा असतो. स्टॉलवरच्या दादांना मी सांगितले, ‘‘दादा, मटकी दोन डाव घाला, कट वरून चमचाभर, फरसाण चिमूटभर आणि ब्रेड नको.’’ वर कच्चा कांदा आणि लिंबू. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, पण घातली. दोन डाव मटकीतून आठ-नऊ ग्रॅम प्रथिने सहज मिळतात, आणि कट चमचाभर असला तरी जीभ झणझणते. चाटच्या स्टॉलवर पॅटिस वगळून नुसता वाटाण्याचा रगडा मागितला तरी असाच हिशेब जुळतो. समोर उभा राहून बनवून देणारा माणूस असेल तेथे पदार्थ हवा तसा मिळतो. झाकणाखालच्या तयार भांड्यात ती सोय नसते.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिनांचे माझे आकडे उचलू नयेत. त्यांचे प्रमाण डॉक्टरच ठरवतात. मधुमेह असेल तर रोटी, भात आणि बासुंदी या तिघांपैकी एकच घेणे माझ्या आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांच्या इतर रुग्णांना सुचवले आहे.

लग्न उरकल्यावर काही दिवसांनी नणंदेच्या घरी मटणाचे जेवण झाले, आणि तेथे गणित एकदम सोपे झाले. शिजलेल्या मटणाच्या हाडाशिवायच्या शंभर ग्रॅममध्ये २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. सुक्क्या मटणाचे मध्यम आकाराचे पाच-सहा तुकडे घेतले, त्यांतली हाडे वजा केली, तरी रात्रीची बहुतेक गरज भागते. लक्ष ठेवावे लागते ते रश्शांवर. तांबड्या रश्शावर कटाचा जाड थर असतो आणि पांढऱ्या रश्शात नारळाचे दूध, खसखस आणि काजू. दोन्हींत मटणाचा अर्क असला तरी प्रथिने तुकड्यांतच राहतात, रश्शात फार थोडी उतरतात. आपण मात्र रस्सा पाण्यासारखा पितो, वाटीवर वाटी. मी सुक्के आणि ज्वारीची एक भाकरी घेतली, तांबडा रस्सा डाव खालून बुडवून एक वाटी आणि पांढरा एक वाटी. पांढऱ्याची दुसरी वाटी नणंदबाईंनी न विचारताच भरली आणि मी ती प्याले. त्या रात्री भात घेतला नाही, त्यामुळे बेरीज तरीही ९०० च्या आतच राहिली.